सिंकचे पांढरे डाग आणि बारीक चरे: व्हिनेगर की खायचा सोडा?

आमच्या जळगावकडे बोअरचं पाणी जड. वांग्याच्या भरीताची कढई घासून झाली, सिंक तसंच वाळलं, की सकाळी पांढरे ठिपके हजर. हे ठिपके म्हणजे क्षार, आणि ते आम्लात विरघळतात. म्हणून डागांसाठी माझं मत सरळ व्हिनेगरला. निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर घ्यायचं, त्यात जुनं सुती फडकं भिजवून डागावर दहा मिनिटं पसरायचं. बारीक बुडबुडे दिसले तर समजायचं, क्षार सुटतोय. मग भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं पुसायचं. त्या दिवशी सिंकमध्ये ब्लीच अजिबात नको, विषारी वायू होतो.

सोड्याचं काम वेगळं. तीन चमचे सोड्यात एक चमचा पाणी घालून लगदा करायचा आणि मऊ स्पंजने, स्टीलवर ज्या दिशेने बारीक रेषा दिसतात त्याच दिशेने घासायचं. गोल गोल घासलं की नवे चरे उठून दिसतात. तारेच्या घासणीने माझ्या सिंकचं तेच झालं होतं. सोड्याने चरा भरून निघत नाही, त्यात बसलेला मळ निघतो आणि तो फिका दिसतो. नख अडकेल इतका खोल चरा मात्र दोन्हींनी जात नाही.

दोन्ही एकत्र ओतू नका. फेस छान येतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात. आधी व्हिनेगर, धुणं, मग सोडा.