ऑटो-अपडेट बंद ठेवून सात महिने, आणि मध्येच आलेलं मोठं अपडेट

माझ्याकडे अमर्याद इंटरनेट नाही. घरात सिमवर चालणारा एक छोटा पॉकेट राउटर आहे, त्याला दिवसाला दीड जीबीची मर्यादा. सात महिन्यांपूर्वी ती दुपारच्या आतच संपायला लागली, म्हणून मी अँड्रॉइड फोनची आपोआप होणारी अपडेट्स आवरायला घेतली. मध्यंतरी सिस्टिमचं मोठं अपडेटही येऊन गेलं, त्यामुळे आता दोन्ही बाजू सांगता येतील.

पहिला महिना फुकट गेला. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये "Auto-update apps" खाली "Over Wi-Fi only" निवडलेलंच होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. पण फोनच्या लेखी वाय-फाय म्हणजे फुकटचं इंटरनेट. ते मागून सिमवर चाललंय की केबलवर, हे त्याला कळायला मार्ग नाही. गंमत म्हणजे एका अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट दुसऱ्या अँड्रॉइडने पकडला, तर पहिला फोन सहसा दुसऱ्याला "हे मोजून मिळणारं कनेक्शन आहे" असं कळवतो. माझा राउटर असलं काही कळवत नव्हता. सिमवरच्या वापराचे आकडे पाहून काहीच सापडेना. शेवटी वाय-फायवरच्या वापराची वेगळी यादी उघडली, तर वरच प्ले स्टोअर, 900 एमबीच्या पुढे.

उपाय दोन मिनिटांचा निघाला. वाय-फायच्या यादीत त्या राउटरच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह दाबायचं, "Network usage" मध्ये जायचं आणि "Treat as metered" निवडायचं. काही फोनमध्ये शब्द थोडे वेगळे असतात, पण "metered" हा शब्द सापडतो. एवढं केल्यावर "Over Wi-Fi only" म्हणजे खरोखर मोकळं वाय-फाय असा अर्थ लागतो, आणि डेटा सेव्हर चालू असेल तर तोही या नेटवर्कला लागू होतो. फक्त ही खूण त्या एकाच नेटवर्कपुरती असते. मी राउटरचं नाव बदललं तेव्हा ती गेली आणि पुन्हा एक दुपार कोरडी गेली.

दुसरी गळती फोन बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या ॲप स्टोअरमधून होती. त्याचं ऑटो-अपडेट वेगळं असतं आणि प्ले स्टोअरमध्ये काहीही बंद केलं तरी त्याला फरक पडत नाही. तेही बंद केलं.

मग मी सगळंच "Don't auto-update apps" वर टाकलं. हे मात्र सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. बँक, मेसेजिंग, ब्राउझर यांची अपडेट्स आठवणीने हाताने करावी लागतात. व्हॉट्सॲपची फार जुनी आवृत्ती तर एके दिवशी चालायचीच थांबते. मी दर रविवारी रात्री, उरलेला डेटा बाराच्या ठोक्याला वाया जाणारच असतो तेव्हा, प्ले स्टोअरमध्ये "Manage apps & device" उघडून प्रलंबित यादी बघतो. प्रत्येकाचा आकार तिथेच दिसतो, कामाची ॲप्स आधी घेतो. एवढी शिस्त नसेल तर ऑटो-अपडेट चालू ठेवा आणि दोन-तीन अवजड गेम्सच्या पानावर जाऊन तीन ठिपक्यांतलं "Enable auto update" तेवढं काढा. बराच डेटा तिथेच वाचतो.

उशिरा अपडेट करणं सुरक्षित, असंही काही जण म्हणतात. मार्च 2021 मध्ये, ॲप्सच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूच्या एका अपडेटमुळे जगभर ॲप्स आपोआप बंद पडत होती, हे खरं. पण त्यावरचा उपायही अपडेटनेच आला होता.

पाचव्या महिन्यात सिस्टिमच्या मोठ्या अपडेटची सूचना आली: 2.3 जीबी. मर्यादा दीड जीबीची! (डेव्हलपर ऑप्शन्समधलं "Automatic system updates" बंद केलं की डाउनलोड थांबतं, हा गैरसमज. ते बटण फोन रीस्टार्ट झाल्यावर अपडेट लागू करायचं की नाही एवढंच ठरवतं.) मी आठवडाभर थांबलो आणि आधी फोन तयार केला.

पहिली अडचण जागेची. 64 जीबीच्या फोनमध्ये जेमतेम 3 जीबी मोकळे होते. 2.3 जीबीच्या फाइलला ते पुरतील असं वाटतं, पण उतरवलेलं अपडेट बसवतानाही जागा लागते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधल्या "Manage storage" मध्ये मोठ्या आणि खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या फाइल्स वेगळ्या दिसतात. तिथून 6 जीबी निघाले. इतर ॲप्सची जागा सोडवताना "Clear cache" च दाबा. शेजारचं "Clear storage" दाबलंत तर ॲप नव्याने टाकल्यासारखं कोरं होतं.

मग बॅकअप. व्हॉट्सॲपचा बॅकअप व्हिडिओ वगळून घेतला आणि शेवटच्या बॅकअपची तारीख डोळ्यांनी पाहिली, कारण "चालू आहे" आणि "झाला आहे" यात फरक असतो. माझा शेवटचा बॅकअप सात आठवडे जुना होता. मीच डेटा वाचवायला तो अडवला होता. फोटो आणि व्हॉट्सॲपच्या चॅट्सचा बॅकअप असलेलं "Databases" फोल्डर केबलने संगणकावर उतरवलं, त्याला इंटरनेट लागत नाही. त्या फोल्डरची जागा अशी:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

गूगल खात्याचा पासवर्ड आठवतो का, तेही तपासलं. काही बिनसलं आणि फोन रीसेट करावा लागला, तर तो जुन्याच खात्याची ओळख मागतो. शिवाय अपडेटनंतरच्या पहिल्या अनलॉकला बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो. वर्षभर फक्त बोट टेकवणाऱ्यांना तो ऐनवेळी आठवत नाही.

डाउनलोडसाठी मी रात्रीचे अकरा निवडले. दिवसभर हात आखडून 1.2 जीबी शिल्लक ठेवले होते. बारापर्यंत तेवढं उतरलं, बारानंतर नव्या कोट्यातून उरलेलं 1.1. मध्ये राउटरचा डेटा संपल्यावर डाउनलोड अडकलं, पण जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. राउटरची "metered" खूण तेवढ्यापुरती काढावी लागली, नाहीतर फोन मोकळ्या वाय-फायची वाट बघत बसला असता.

बसवण्याचं काम पडद्यामागे चाललं. माझ्यासारख्या बऱ्याच फोनमध्ये सिस्टिमच्या दोन प्रती ठेवायची सोय असते. नवी प्रत दुसऱ्या जागेत तयार होते आणि रीस्टार्टला फोन तिकडे वळतो. नवी सुरूच झाली नाही तर तो जुन्याकडे परततो. पण ती नीट सुरू झाली आणि तुम्हाला आवडली नाही, तर परतीची साधी वाट नाही.

चूक एकच झाली, आणि ती ऑटो-अपडेट बंद ठेवल्याचीच. ऑफिसच्या हजेरीचं ॲप मी कित्येक महिने अपडेट केलं नव्हतं. नव्या सिस्टिमवर ते उघडताक्षणी बंद पडलं. सकाळी राउटरवर 0.4 जीबी शिल्लक होते आणि ॲप 90 एमबीचं, म्हणून निभावलं. आता मोठ्या अपडेटच्या आधीच्या दोन-तीन रात्री मी फक्त ॲप्ससाठी राखून ठेवतो.

त्यानंतर दीड दिवस फोन थोडा गरम राहिला, बॅटरीही लवकर उतरली. मग आपोआप सुरळीत झालं. राउटरवर "metered" ची खूण परत लावायला मात्र मी विसरलो होतो, आणि ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी राउटरनेच कळवलं.