हरवलेला धनादेश: बँकेला लिहिण्याचे दोन मसुदे

पहिला मसुदा असा: ‘मी गेल्या आठवड्यात दिलेला अठरा हजारांचा चेक हरवला आहे, तरी तो पास करू नये.’ दुसरा असा: ‘वरील बचत खात्यावरील धनादेश क्र. ००४५१७, दि. १२/०६/२०२५, रक्कम रु. १८,५०० (अक्षरी रुपये अठरा हजार पाचशे फक्त), गृहनिर्माण संस्थेच्या नावे, रेखांकित व स्वाक्षरी केलेला, गहाळ झाला असून त्याचे प्रदान थांबवावे आणि नोंदीच्या वेळेसह पोच द्यावी.’

पहिल्यात विनंती स्पष्ट आहे, पण धनादेश ओळखता येत नाही. शिवाय ‘अठरा हजार’ ही रक्कमही चुकीचीच. थांबवण्याची नोंद मुख्यतः क्रमांकावर होते, त्यामुळे तिथला एक अंक चुकला तर भलताच धनादेश अडतो आणि हरवलेला वटतो. धनादेशच हाती नसल्याने क्रमांक आठवणीतून न लिहिता पुस्तकातील स्थळप्रतीवरून किंवा पुढच्या पानावरून (००४५१८) ठरवावा आणि सुरुवातीची शून्ये गाळू नयेत. तळाशी क्रमांकानंतर छापलेले नऊ अंक बँक व शाखेचे असतात, ते इथे मिसळू नयेत.

दुसऱ्या मसुद्यात मी एकच भर घालीन: ‘आजच्या नोंदीनुसार तो वटलेला नाही.’ हे मात्र खाते पाहूनच लिहावे, कारण वटलेल्या धनादेशाला ही सूचना लागू पडत नाही.