शीर्षक कसं ठेवायचं: ‘शाईचे डाग काढण्याचे उपाय’ की ‘शर्टावरचा पेनाचा डाग कसा काढायचा?’

वेबसाइटवरच्या लेखाचा मजकूर तोच, शीर्षकं दोन. पहिलं टाइप करणाऱ्याच्या बोटांना सोयीचं आहे, दुसरं फोनला तोंडी विचारणाऱ्याच्या जिभेवरचं. टाइप करताना माणूस ‘शाई डाग उपाय’ एवढ्यावर थांबतो. बोलताना मात्र तो अख्खं वाक्य म्हणतो आणि त्यात ‘शाई’ क्वचितच येते, ‘पेन’ येतं.

खरा फरक इथेच आहे. ‘कसा’ हा शब्द आला म्हणून काही जादू होत नाही. गूगल २०१३च्या हमिंगबर्ड बदलापासून अख्ख्या प्रश्नाचा अर्थ पाहण्याकडे वळलं, त्यामुळे शब्दाला शब्द जुळायलाच हवा असं नाही. पण प्रश्न पूर्ण लिहायला बसलं की तपशील आपोआप येतात: डाग कशावर पडला, कशाचा पडला. पहिल्या शीर्षकात कापड आहे की भिंत, हे कळतच नाही. बोललेला प्रश्न नेमका असतो, म्हणून नेमकं शीर्षक त्याच्या जवळ जातं.

प्रश्नरूपात एक चूक फार दिसते: ‘घरच्या घरी अगदी सोप्या पद्धतीने शर्टावरचा पेनाचा डाग कसा काढायचा?’ मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि शोधाच्या यादीत लांब शीर्षक शेवटाकडून कापलं जातं. म्हणजे फोनवर नेमकं ‘कसा काढायचा’च गायब होण्याची भीती. इंग्रजीत ‘हाउ टू’ सुरुवातीलाच असतं, तिथे ही अडचण नाही. म्हणून वस्तू आधी ठेवा, विशेषणं मजकुरात जाऊ द्या. ‘कसा काढायचा शर्टावरचा डाग’ अशी उलटापालट नको, तसं कोणी विचारत नाही.

आखूड शीर्षक कधी ठेवायचं? एकाच लेखात शाई, तेल, हळद असे सगळे डाग असतील तेव्हा. तिथे एक प्रश्न वर टाकला की बाकीच्यांवर अन्याय होतो. वर ‘कपड्यांवरचे डाग काढण्याचे उपाय’ ठेवा आणि प्रत्येक डागाचा प्रश्न उपशीर्षकात द्या. ‘कसा काढायचा’, ‘कसा घालवायचा’ अशा प्रत्येक शब्दप्रयोगासाठी वेगळा लेख मात्र लिहू नका. उत्तर एकच असेल तर ते लेख एकमेकांचेच वाचक ओढतात.

शीर्षक बदलल्यावर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे तुमचं पान गूगलवर कोणत्या शोधांत दिसलं ते दाखवणाऱ्या साधनात, क्वेरीला म्हणजे शोधलेल्या शब्दांना रेजेक्स फिल्टर लावा; यांपैकी कोणताही शब्द असलेले शोध तो निवडतो:

```
कसा|कशी|कसे|कसं
```

आवाजी शोध तिथे वेगळे दाखवले जात नाहीत, त्यामुळे हा अंदाजच. तरी बदलाआधीचे २८ दिवस आणि नंतरचे २८ दिवस शेजारी ठेवा. लांब, पूर्ण वाक्यांच्या क्वेरींवरचे इंप्रेशन, म्हणजे शोधात पान किती वेळा दिसलं तो आकडा, वाढले तर प्रश्न लागू पडला. इंप्रेशन वाढूनही क्लिक तिथेच अडले असतील, तर आधी फोनवर स्वतः शोधून शीर्षक कुठे कापलं जातंय ते पाहा.

एका डागाचा एक लेख असेल, तर मी प्रश्नच निवडेन.