३० अंश आणि ६० अंश: वर्गात दाखवायला फेट, जिओजेब्रा की मॅनिम?

नागपुरात अकरावीच्या मुलांना प्रोजेक्टाइल मोशन शिकवताना मी एकच प्रश्न आधी विचारते. रेशीमबागच्या मैदानावर दोघांनी सारख्याच वेगाने चेंडू मारला, एकाने ३० अंशांत, दुसऱ्याने ६० अंशांत. कुणाचा लांब जाईल? बहुतेक मुलं ३०वाल्याच्या बाजूने बोलतात. खरं तर हवेचा रोध सोडला तर दोन्ही चेंडू एकाच जागी पडतात, फक्त एकाच वेळी पडत नाहीत. ही दुसरी गोष्ट पडद्यावर दिसते का, यावरच मी साधन निवडते.

आकडे आधी हाताने काढून ठेवा. वेग सेकंदाला २० मीटर, g ९.८, हवेचा रोध नाही. दोघांचाही पल्ला ३५.३ मीटर येतो. पण ३०चा चेंडू ५.१ मीटर उंच जाऊन २.०४ सेकंदांत खाली येतो, तर ६०चा १५.३ मीटर चढतो आणि ३.५३ सेकंद हवेत राहतो. हे दीड सेकंदाचं अंतर मुलांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नुसता अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, तर फळ्यावर खडूनेही काढता येतो.

फेट या वेबसाइटवरचं तयार सिम्युलेशन उद्याच्याच तासाला लावायचं असेल तर उत्तम. तोफेचा कोन बदला, गोळा सोडा, आधीचे मार्ग पडद्यावर तसेच राहतात. मोजणीचं साधन मार्गावरच्या ठिपक्यावर नेलं की त्या क्षणाची वेळ, अंतर आणि उंची वाचता येते. एक सावधगिरी मात्र हवी: तोफेची उंची शून्यावर आहे ना, हे आधी बघा. तोफ जमिनीपासून वर असेल तर ३० आणि ६०चे गोळे एका जागी पडत नाहीत आणि तुमचा मुद्दाच निसटतो. हवेचा रोध एका टिकमार्कने चालू करता येतो, ही सोय मला फार मोलाची वाटते. रोध आला की मार्ग दोन्ही बाजूंनी सारखा राहत नाही, उतरण जास्त उभी होते.

जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं तुम्हालाच मांडावं लागतं, आणि शिकवणाऱ्याच्या हाती खरी सूत्रं तिथेच राहतात. नेहमीची चूक अशी होते: y हे x च्या सूत्राने काढायचं आणि बिंदू x च्या स्लायडरवर पळवायचा. वक्र बिनचूक येतो, पण दोन्ही चेंडू आडवे सारख्याच वेगाने सरकतात आणि एकाच क्षणी पडतात. प्रत्यक्षात आडवा वेग एकाचा १७.३ आणि दुसऱ्याचा १० आहे. म्हणून स्लायडर t चाच हवा:

```
u = 20
t = Slider(0, 4, 0.02)
A = (u*t*cos(30°), u*t*sin(30°) - 4.9*t^2)
B = (u*t*cos(60°), u*t*sin(60°) - 4.9*t^2)
```

अंशाचं चिन्ह विसरलात तर ३० हे रेडियन समजलं जातं आणि चेंडू भलतीकडेच जातो. जमिनीवर टेकल्यावर बिंदू y शून्याच्या खाली घसरतो, तेव्हा तिथे थांबायची अट घाला. स्लायडर मुळात पुढे-मागे हेलकावतो, म्हणून चेंडू उलटा हातात परत येतो. सेटिंगमध्ये तो फक्त वाढता ठेवा. वेग १ ठेवला तर अख्खा स्लायडर साधारण १० सेकंदांत सरकतो, म्हणजे आपले ४ सेकंद खऱ्या वेळेत दाखवायला तो २.५ करावा लागतो. दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं नसेल तर ४५ अंश डोळ्यांना ४५ वाटत नाहीत, तेही तपासा. एवढं जमवायला मला पहिल्यांदा एक संध्याकाळ लागली होती. आता कोनाचा स्लायडर जोडला की मुलं स्वतःच ४५पर्यंत सरकवून पल्ला ४०.८ मीटर होताना बघतात आणि पुढे तो परत कमी होताना पकडतात.

मॅनिम हे कोड लिहून ॲनिमेशन बनवायचं साधन पायथॉनवर चालतं. त्यातून देखणा व्हिडिओ निघतो, पण तासात कुणी "मॅडम, ५० अंश करून दाखवा ना" म्हटलं तर हात बांधलेले असतात. शिवाय तिथला सापळा बारीक आहे. `MoveAlongPath` चेंडूला मार्गाच्या लांबीच्या हिशेबाने नेतं, आणि ठरलेली चाल सुरुवातीला व शेवटी मंद असते. त्यामुळे चेंडू जमिनीला लागताना हळू होतो आणि शेंड्यावर सर्वांत वेगात असतो, म्हणजे नेमकं उलट. चाल सरळ, `linear`, केली तरी पूर्ण मार्गावर वेग एकसारखाच राहतो. उपाय एकच: `ValueTracker` ने t सरळ चालीने वाढवायचा आणि त्यावरून x, y काढायचे. तपासायची खूण सोपी आहे. दर ०.२ सेकंदाला ठिपका टाका. आडव्या दिशेने ठिपक्यांमधलं अंतर सारखं, आणि उभ्या दिशेने शेंड्याजवळ दाटी दिसली तर गती बरोबर आहे.

माझं मत असं. पहिल्या तासाला फेट लावा, दोन मार्ग एकत्र ठेवून वेळ मुलांनाच वाचायला लावा. दुसऱ्या तासाला सूत्र सिद्ध करताना जिओजेब्रा उघडा. मॅनिमवर फक्त तेव्हाच बसा जेव्हा तास चुकलेल्या मुलांसाठी घरी बघायचा व्हिडिओ हवा असेल. वर्गात संगणक एकच असेल तरी पहिली दोन्ही साधनं प्रोजेक्टरवर चालतात, आणि कोन कोणता घ्यायचा ते मागच्या बाकावरून ओरडून सांगता येतं.