रिमोट प्ले: प्लेस्टेशन वायफायवर ठेवायचा की केबलवर?

रिमोट प्ले म्हणजे प्लेस्टेशनवर चालणारा गेम टॅबवर बघत खेळायचा. त्यासाठी मी आधी दोन्ही वायफायवरच ठेवलेलं, प्लेस्टेशन पण आणि टॅब पण, आणि फुटबॉलच्या गेममध्ये बटण दाबलं की प्लेअर जरा थांबूनच पास द्यायचा, मधेच चित्र चौकोन-चौकोन व्हायचं. कारण सोपंय, तीच फ्रेम हवेतून दोनदा जाते, कन्सोलकडून राऊटरला आणि मग राऊटरकडून टॅबला. कन्सोलला लॅन केबल लावली की एक फेरी वाचते, टॅब तेवढा ५ गिगाहर्ट्झवर ठेवायचा. केबल दाराखालून ओढावी लागली, आई वैतागली, पण फरक लगेच कळला. केबल जमतच नसेल तर रिमोट प्लेच्या ॲपमध्ये रिझोल्यूशन 1080p चं 720p करा, चित्र थोडं धूसर दिसतं पण अडकणं कमी होतं. टॅब दोन भिंतींपलीकडे असेल तर मात्र नुसत्या केबलने भागत नाही.