फ्लोटिंग गृहकर्ज: रेपो वर गेला, खाली आला, आणि हप्त्याचं नि मुदतीचं काय झालं

जून २०२१ मध्ये नाशिकच्या फ्लॅटसाठी एका सरकारी बँकेकडून ४० लाखांचं कर्ज घेतलं. मुदत २० वर्षं, दर रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी, जोडलेला. त्या वेळी रेपो ४ टक्के होता आणि त्यावर बँकेचं मार्जिन २.६५, म्हणजे एकूण ६.६५ टक्के. हप्ता ३०,१७७ रुपये. तेव्हापासून रेपो ६.५० पर्यंत चढला आणि पुन्हा ५.२५ वर उतरला. चढ आणि उतार दोन्ही भोगून झाल्यामुळे आता लिहितो आहे. चढ चालू असताना लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या.

व्यवहार कसा चालतो ते आधी सांगतो. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर रीसेट करावा लागतो. माझ्या कर्जाचा रीसेट मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या १० तारखेला होतो. त्या दिवशी जो रेपो असेल त्यात २.६५ मिळवायचे, झाला नवा दर. इथवर काही लपवाछपवी नाही. गोम पुढे आहे. दर बदलला की हप्ता आणि मुदत यांपैकी एक तरी बदलावंच लागतं, आणि तुम्ही काही बोलला नाहीत तर कोणतं बदलायचं ते बँकेची सिस्टीम ठरवते. दर वाढत असताना माझ्या बँकेची सिस्टीम हप्ता तोच ठेवून मुदत ताणत होती.

मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दर वाढवायला सुरुवात केली. जूनच्या रीसेटला रेपो ४.९० होता, म्हणजे माझा दर ७.५५. मोबाईलवर दोन ओळींचा मेसेज आला, त्यात फक्त नवा दर होता. शाखेत विचारलं तर काउंटरवरचे म्हणाले, "सर, हप्ता तेवढाच कापला जाणार, काळजी करू नका." ते खरंच होतं, हप्ता एक रुपयानेही वाढला नव्हता. फक्त २२८ महिने उरलेल्या कर्जाचे आता २६८ झाले होते. पाऊण-एक टक्का वाढीला तीन वर्षं चार महिने!

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही, म्हणून डिसेंबर २०२२ चा रीसेट उलगडून दाखवतो. तोवर रेपो ६.२५ झाला होता आणि माझा दर ८.९०. शिल्लक मुद्दल ३८,७१,४३२ रुपये. त्यावर एका महिन्याचं व्याज झालं २८,७१३. हप्ता ३०,१७७ चा, म्हणजे मुद्दलात जाणार फक्त १,४६४ रुपये. हप्त्याच्या पाच टक्क्यांहूनही कमी, अशा चिमटीने मुद्दल उचलायला बसलात तर किती वर्षं लागतील? उत्तर एक्सेलमध्ये एका ओळीत मिळतं:

```
=NPER(8.9%/12,-30177,3871432)
```

उत्तर येतं ४०९.५. म्हणजे ४१० हप्ते, चौतीस वर्षांहून जास्त. दीड वर्ष नियमित हप्ते भरून झाल्यावर!

कारण साधं आहे. कर्ज नवं असताना हप्त्याचा मोठा भाग व्याजाचाच असतो आणि मुद्दलाच्या वाट्याला थोडंसं येतं. दर वाढला की वाढलेलं व्याज त्या थोड्याशातूनच जातं. दर जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने वाढला, पण मुद्दलाची रक्कम सुरुवातीच्या आठ हजारांवरून दीड हजारावर आली. कर्ज जुनं असेल, समजा पाच-सहा वर्षंच उरली असतील, तर हीच वाढ मुदतीत काही महिन्यांपलीकडे जात नाही. म्हणून ऑफिसातले जुने कर्जदार "आम्हाला तर काही फरक पडला नाही" म्हणतात तेव्हा त्यांचंही खरंच असतं.

याच्याही पुढची पायरी आहे. समजा पूर्ण ४० लाख शिल्लक असताना दर ९.१५ झाला, तर महिन्याचं व्याज ३०,५०० होतं. ३०,१७७ च्या हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही, हप्ता भरूनही मुद्दल वाढत जातं. असं होऊ द्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने नंतर स्पष्ट सांगितलं.

माझं ४१० हप्त्यांपर्यंत गेलं नाही, कारण मंजुरीपत्रात कमाल मुदत ३० वर्षं होती. सिस्टीमने मुदत तिथवर नेऊन ठेवली आणि जेवढं बसत नव्हतं तेवढाच हप्ता वाढवला. उरलेल्या ३४२ महिन्यांत कर्ज फिटायला किती हप्ता लागेल ते असं:

```
=PMT(8.9%/12,342,-3871432)
```

३१,२०६. मार्च २०२३ ला दर ९.१५ झाला तेव्हा ३१,८९१. लोकांना हा हजार-दीड हजाराचा फरक दिसतो आणि "चला, थोडक्यात निभावलं" असं वाटतं. घरी मात्र शेड्यूलची प्रिंट बायकोने वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "अहो, यात जून २०५१ लिहिलंय." तेव्हा मी ६७ वर्षांचा असेन. हप्ता आधीच वाढलेला आणि मुदतही दहा वर्षांनी लांबलेली, दोन्हीकडून एकदमच.

मूळ तारखेलाच, म्हणजे जून २०४१ ला, कर्ज संपवायचं असतं तर मार्च २०२३ मध्ये हप्ता ३६,३४९ करावा लागला असता. दर तोच राहिला असं धरून हिशोब केला तर ३१,८९१ च्या वाटेने तेव्हापासून पुढे साधारण १ कोटी ८ लाख भरायचे आणि ३६,३४९ च्या वाटेने ७९ लाख ६० हजार. महिन्याला साडेचार हजार वाचवण्याची किंमत साडेअठ्ठावीस लाख. हिशोबाला पुस्ती जोडायला हवी, की पंचवीस वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयाइतका जड नसतो. तरीही रक्कम मोठीच आहे.

१८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं आणि चित्र बरंच सुधारलं. रीसेटच्या वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला निवडू द्यायचं. बँकेच्या धोरणानुसार स्थिर दरावर जायचा पर्यायही ऑक्टोबर २०२५ पर्यंत द्यावा लागत होता. शिवाय दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायचं, ज्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असेल. जुन्या कर्जांनाही हे डिसेंबर २०२३ अखेरपर्यंत लागू करायचं होतं. माझ्याकडे स्टेटमेंट वेळेवर आलं. निवड करा असं मात्र कोणी फोन करून सांगितलं नाही, ते आपणच मागावं लागतं.

मार्च २०२४ मध्ये पगार वाढला तेव्हा शाखेत एका पानाचा अर्ज दिला: हप्ता ३५,००० करावा, मुदत त्यानुसार कमी करावी. मूळ तारीख गाठायला ३६,८८६ लागले असते, तेवढी ओढ घ्यायची नव्हती. महिना ३,१०९ रुपये जास्त भरल्याने उरलेले हप्ते ३२७ वरून २३८ झाले. साडेसात वर्षं कमी.

इथे एक अडचण आली, ती कोणी आधी सांगत नाही. माझं पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत, तिथून हप्ता नॅच मँडेटने, म्हणजे खात्यातून आपोआप कापायच्या परवानगीने, जातो, आणि २०२१ मध्ये सही केलेल्या मँडेटची कमाल रक्कम ३२,००० होती. ३५,००० ची मागणी गेली असती तर परत आली असती आणि वर दंड. नवं मँडेट नोंदल्याशिवाय वाढीव हप्ता सुरू करू नका, असं अर्जातच लिहिलं. नवीन कर्ज घेणाऱ्यांनी मँडेटची रक्कम हप्त्यापेक्षा पंचवीस-तीस टक्के तरी जास्त ठेवावी.

आता उतार. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो घसरला, ६.२५, मग ६, जूनमध्ये ५.५०, डिसेंबरमध्ये ५.२५. माझा दर जूनच्या रीसेटला ८.१५ झाला. या वेळी बँकेने विचारलं, हप्ता कमी करू का? मुदत तीच ठेवली असती तर हप्ता ३३,२८२ झाला असता, महिन्याला १,७१८ रुपये हातात. मी ३५,००० च ठेवला, तर २१३ हप्त्यांचे १९२ झाले. पुढचा सगळा भरणा जवळपास चार लाखांनी कमी. योगायोग असा, की २०२१ च्या मूळ वेळापत्रकातही जून २०२५ ला १९२ हप्तेच उरायला हवे होते. डिसेंबर २०२५ ला दर ७.९० झाल्यावर १८० उरले, मूळ वेळापत्रकापेक्षा सहा कमी.

सगळ्यांनी असंच करावं असं नाही. माझ्या मेहुण्याच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी चालू आहे, डोक्यावर पर्सनल लोनही आहे. त्याने हप्ता कमी करून घेतला आणि उरलेले पैसे त्या महागड्या कर्जात टाकतो. त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर. फक्त उतारात बँक काय धरून चालते ते विचारून घ्या. काही बँका आपोआप हप्ता उतरवतात, काही मुदत. दर वाढताना मुदत लांबवायची आणि दर उतरताना हप्ता कमी करायचा, अशी जोडी जमली तर लांबलेली मुदत कधीच परत येत नाही.

माझी एक तक्रार अजून शिल्लक आहे, मार्जिनची. रेपो वर-खाली होतो तसा माझा दर होतो, पण २.६५ जागचे हलत नाहीत. नव्या ग्राहकांना त्याहून कमी मार्जिनवर कर्ज मिळतं, म्हणजे त्याच इमारतीत त्याच बँकेचा नवा कर्जदार माझ्यापेक्षा स्वस्तात बसतो. पतजोखमीचा भाग सोडला तर मार्जिनचे इतर घटक तीन वर्षांतून एकदाच बदलता येत, पण ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहकाच्या फायद्यासाठी ते आधीही कमी करायची मुभा बँकांना आहे. ही मुभा आहे, सक्ती नाही. मी अर्ज दिला आहे. शाखेने रूपांतर शुल्क सांगितलंय. ते किती महिन्यांत वसूल होतं ते पाहतो, आणि नाहीच जमलं तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचं. फ्लोटिंग असल्यामुळे मुदतीआधी कर्ज बंद करायला दंड नाही, पण नव्या बँकेची प्रोसेसिंग फी आणि कायदेशीर तपासणीचा खर्च त्या हिशोबात धरावा लागेल.