‘i7’ सांगून सहाव्या जनरेशनचा लॅपटॉप गळ्यात मारला

माझी पुतणी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कापसाचे पैसे हाती आले तसा दादाने जिल्ह्याच्या गावी जाऊन तिच्यासाठी सेकंडहँड लॅपटॉप घेतला. 28,000 रुपये रोख मोजले. दुकानदाराने आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं होतं: ‘आय-सेव्हन, 11 जनरेशन, 16 जीबी, 512 एसएसडी, एकदम टकाटक’. बिलावर मात्र फक्त ‘i7 लॅपटॉप, 1 नग’ एवढंच. आमच्या यवतमाळ भागात आता कॉलेजात जाणारं पोरगं घरोघरी आहे आणि असे लॅपटॉप धडाधड विकले जातायत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लॅपटॉप दिसायला चांगला होता. चालू झटकन व्हायचा, कारण एसएसडी होती. पण पोरीने मोबाइल अ‍ॅप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ टाकून त्यातला इमुलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली मोबाइल, चालू केला की मशीन तापायचं, पंखा ओरडायचा आणि माउससुद्धा अडकत अडकत हलायचा. ती म्हणाली, “काका, मैत्रिणीचा तर आय-थ्री हाय, तिचा मस्त चालते. माह्या आय-सेव्हनले काय झालं?”

मी गावात सेवा केंद्र चालवतो, मशीन रोज हाताखाली असतात. सेटिंगमध्ये सिस्टिम, त्यात शेवटी अबाऊट उघडलं. प्रोसेसरच्या ओळीत हे होतं:

```
Intel(R) Core(TM) i7-6600U CPU @ 2.60GHz
```

सगळी फसवणूक या एका ओळीत उघडी पडली.

लोक i7 एवढंच वाचतात. खरी माहिती डॅशनंतर सुरू होते. डॅशनंतरचा पहिला आकडा 2 ते 9 यांपैकी असेल, तर तीच जनरेशन, म्हणजे प्रोसेसरची पिढी. 6600 म्हणजे सहावी, 8250 म्हणजे आठवी. पहिला आकडा 1 असेल, तर पहिले दोन आकडे मिळून जनरेशन. 10210U दहावी, 1165G7 अकरावी, 1215U बारावी, 13420H तेरावी. इथेच साधा माणूस फसतो, कारण 1215 पेक्षा 6600 मोठा दिसतो. उरलेल्या आकड्यांची तुलना एकाच जनरेशनमध्ये करायची असते, दोन वेगळ्या जनरेशनचे आकडे एकमेकांसमोर ठेवण्यात काही अर्थ नाही.

आणखी एक खूण आहे. अकराव्या, बाराव्या आणि तेराव्या जनरेशनच्या मशीनवर ही ओळच ‘11th Gen Intel(R) Core(TM)’ अशी सुरू होते. आमच्या ओळीत ते नव्हतं. मग दुकानदाराचं ‘11’ आलं कुठून? मशीनवर विंडोज 11 टाकलेलं होतं, त्याचा 11 त्याने जनरेशनला चिकटवला. खरं तर मायक्रोसॉफ्ट विंडोज 11 साठी इंटेलची साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचीच मशीन धरते. सहाव्यावर ते तपासणी चुकवून टाकता येतं आणि चालतंही, पण पुढच्या अपडेटची हमी राहत नाही. म्हणून ‘विंडोज 11 आहे म्हणजे मशीन नवीन’ हे कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आता i3, i5, i7 चं पाहू. हा दर्जा त्या-त्या जनरेशनपुरता असतो, आणि त्यातही शेवटचं अक्षर सारखं असेल तरच. आमच्या i7-6600U मध्ये कोर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, फक्त 2 आणि थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं, 4. त्याच जनरेशनच्या i5-6300U मध्येही 2 कोर आणि 4 थ्रेडच. दोघांत फरक थोड्या वेगाचा आणि थोड्या कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या जलद मेमरीचा. 2017 मध्ये आठवी जनरेशन आली तेव्हा i5-8250U मध्ये 4 कोर आणि 8 थ्रेड मिळाले, म्हणजे नवा i5 जुन्या i7 च्या पुढे गेला. पुतणीच्या मैत्रिणीचं मशीन मी मागवून पाहिलं. तो i3-1215U निघाला, 2022 चा. त्यात 2 मोठे आणि 4 छोटे असे 6 कोर, 8 थ्रेड. 2015 च्या आमच्या i7 ची त्याच्यासमोर काय गत होणार? इमुलेटर आणि अँड्रॉइड स्टुडिओ एकाच वेळी चालवायचे तर 2 कोर लगेच भरून जातात. टास्क मॅनेजर लावून बघितलं तर आमच्याकडे सीपीयू 100 टक्क्यांवरच अडकलेला.

शेवटचं अक्षरही सोडू नका. U म्हणजे कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपमधला. H किंवा जुन्या मशीनवर HQ म्हणजे जास्त वीज घेऊन जास्त काम देणारा. सहाव्याच जनरेशनमध्ये i7-6700HQ होता, त्याला 4 कोर आणि 8 थ्रेड. i7 तोही आणि i7 आमचाही, जनरेशनही तीच, पण कोर निम्मे.

हा हिशोब इंटेलच्या या जुन्या नावांपुरताच धरा. 2023 च्या शेवटापासून ‘कोर अल्ट्रा’ नावाची नवीन पद्धत आली आहे. एएमडीच्या रायझेनला तर हा नियम अजिबात लावू नका. Ryzen 5 7520U यातला 7 पाहून माणूस नवीन समजतो, पण या नावात आतल्या रचनेची पिढी तिसऱ्या आकड्यात असते. तो 2 आहे, म्हणजे झेन 2, जी 2019 मध्ये आलेली.

दादा मशीन घेऊन परत गेला, मीही सोबत होतो. दुकानदार म्हणाला, “भाऊ, आय-सेव्हन म्हटलं, आय-सेव्हनच देल्लं ना तुमाले? बिल पाहा.” बिलाच्या जोरावर तो आमच्यावरच चढत होता. मग मी त्याचाच व्हॉट्सअ‍ॅप मेसेज उघडला, शेजारी लॅपटॉपची ती ओळ ठेवली आणि ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, त्याच्यासमोरच फोन लावला. तक्रार नोंदवली गेली तेव्हा कुठे त्याचा आवाज खाली आला. 3,000 रुपये कापून बाकीचे परत दिले. शेतकऱ्याच्या घामाचे 3,000 त्याने फुकट ठेवले, याचा राग मला अजून आहे. तो मेसेज दादाने पुसून टाकला असता तर तेवढेही मिळाले नसते.

दुकानात उभे असताच नाव तपासायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलं की वर मॉडेल आणि खाली कोर व लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे थ्रेड, दिसतात. विंडोजमध्ये दिसणारं नाव रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींतून, बदलता येतं, आमच्या दुकानदाराने तेवढं केलं नव्हतं, पण करणारे आहेत. म्हणून कोरची संख्या त्या मॉडेलशी जुळते का ते मोबाइलवर इंटेलच्या साइटवर मॉडेल टाकून पाहा. त्यावरही शंका असेल तर मशीन बंद करून चालू होताना बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची स्वतःची सेटिंग, उघडायला लावा, तिथलं नाव विंडोजमधून बदलता येत नाही. दुकानदार बायोस दाखवायला टाळाटाळ करू लागला तर पैसे खिशातून काढू नका. आणि बिलावर अशी ओळ लिहून घ्या: ‘प्रोसेसर i5-8250U, 4 कोर, रॅम 16 जीबी, सिरियल नंबर अमुक’. पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर बिलावर असला की ‘i7 म्हटलं, i7 दिलं’ हे उत्तर त्याला देता येत नाही.